जुळलेल्या ताळेबंदातली चूक

काल आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बोर्डात पहिल्या आलेल्या मुलीने बारावीच्या मुलांपुढे पुस्तपालनाच्या उजळणीविषयी केलेले भाषण, हिशेबनिसीत उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्यालाही ऐकावेसे वाटले.

तिने एकच समायोजना घेतली: तेरजेत ऋणको ८०,००० रुपये, तेरजेबाहेर बुडीत कर्ज २,००० आणि संशयित कर्ज निधी ५ टक्के.

घाईत विद्यार्थी मूळ रकमेवरच ४,००० काढतात; वास्तविक बुडीत रक्कम आधी वजा करून उरलेल्या ७८,००० वर ३,९०० काढावयाचे, म्हणजे ताळेबंदात ऋणको ७४,१०० राहतात.

गंमत अशी, की चुकीचा आकडा दोन्हीकडे सारखाच गेल्याने ताळेबंद तरीही जुळतो! म्हणून ती उजळणीत प्रत्येक समायोजनेची आकडेमोड समासात मांडी.

अशी अडलेली समायोजना असल्यास खाली अवश्य विचारावी.