घंटी वाजल्यानंतरची तीन मिनिटं

नोकरीसाठी परगावी एकटी राहत असताना मी पहिल्यांदा मायक्रोवेव्हमध्ये उपमा केला. चार माणसांची कृती हाताशी होती. सगळं साहित्य पाव हिश्शावर आणलं, वेळही पाव केला आणि घंटी वाजल्यावर भांडं बाहेर काढलं. कडेला रव्याची कोरडी खापरी धरली होती आणि मधोमध चमचा घातला तर खाली पाणी आणि कच्चा रवा. एकाच भांड्यात एकीकडे जास्त शिजलं आणि एकीकडे शिजलंच नाही, याचं कारण कळायला मला बरेच दिवस लागले. ते कळलं आणि एका माणसाचा स्वयंपाक सोपा झाला.

गॅसवर भांडं तापतं आणि भांड्यामुळे अन्न तापतं. मायक्रोवेव्हमध्ये लहरी थेट अन्नातल्या पाण्याला तापवतात. पण त्या अन्नात फार खोल शिरत नाहीत, साधारण दोन-तीन सेंटिमीटरच. त्यामुळे बाहेरचा थर आधी तापतो आणि मधल्या भागापर्यंत उष्णता हळूहळू, एका कणाकडून दुसऱ्याकडे अशी पोचते. शिवाय लहरी आतल्या धातूच्या भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी उष्णता जास्त मिळते आणि तिथून तीन-एक सेंटिमीटरवर अगदी कमी. फिरती काचेची थाळी असते ती यासाठीच. मात्र लहानशी वाटी थाळीच्या बरोबर मध्यावर ठेवली, तर ती जागच्या जागीच गोल फिरते आणि तिच्या मधल्या भागाची जागा बदलतच नाही. म्हणून एका माणसाचं भांडं थाळीच्या कडेकडे ठेवावं, म्हणजे ते गरम आणि थंड अशा दोन्ही जागांवरून फिरत राहतं.

आता वेळेचं गणित. गॅसवर एक वाटी आमटी उकळायला आणि पातेलंभर आमटी उकळायला लागणाऱ्या वेळांत फरक असतोच, पण मायक्रोवेव्हमध्ये तो फार ठळक होतो, कारण यंत्र देतं तेवढीच शक्ती सगळ्या अन्नात वाटली जाते. अन्न निम्मं, तर वेळही जवळजवळ निम्मा. जवळजवळ म्हणण्याचं कारण असं, की भांडंही थोडी उष्णता घेतं आणि अन्न अगदी थोडं असलं की सगळ्या लहरी त्यात शोषल्या जात नाहीत. त्यामुळे निम्म्या मापाला निम्म्याहून थोडा जास्त वेळ धरावा. दोघांच्या कृतीत सात मिनिटं लिहिली असतील, तर एकाला चार मिनिटांपासून सुरुवात करून मग अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वाढवावं. कमी शिजलेलं पुन्हा ठेवता येतं, कोरडं पडलेलं परत मऊ करणं कठीण.

पण हे गणित तापवण्यापुरतंच लागू पडतं. तांदळाचा दाणा पाणी पिऊन मऊ होतो, त्याला एक ठरावीक वेळ हवाच, मग भात एकाचा असो की चौघांचा. एकाच्या भाताला उकळी लवकर फुटते, मात्र उकळीनंतर शिजण्याचा वेळ फारसा घटत नाही. भात-खिचडीत फसगत होते ती इथे. पूर्ण वेळच पाव केला, तर दाणा कणीदार राहतो. उकळी आल्यावर शक्ती निम्म्यावर आणावी. बहुतेक यंत्रांत याचा अर्थ लहरी काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. त्या मधल्या खंडात कडेची उष्णता आत सरकते आणि पाणीही उतू जात नाही.

यंत्राची शक्तीही पाहावी लागते. मागच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा आकडा यंत्र घेत असलेल्या विजेचा, लहान आकडा अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा. आपल्या कामाचा लहान आकडा. कृती 1000 वॉटची आणि चार मिनिटांची असेल, तर 800 वॉटच्या यंत्राला पाच मिनिटं लागतील.

आता एकाचा उपमा, 800 वॉटच्या यंत्रात. जाड काचेचं, मायक्रोवेव्हला चालणारं, दीडेक लिटरचं पसरट भांडं घ्या. अन्न थोडं असलं तरी भांडं मोठं हवं, कारण पाणी फसफसून वर चढतं. त्यात पाव कप रवा, म्हणजे साधारण 40 ग्रॅम, आणि चमचाभर तूप कालवून पूर्ण शक्तीवर एक मिनिट भाजा. काढून तळापासून ढवळा, पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा ढवळा. खमंग वास येईपर्यंत असंच. न ढवळता सलग दोन मिनिटं ठेवलात, तर एका जागी रवा काळा पडतो आणि बाकीचा पांढराच राहतो. रवा ताटलीत काढून घ्या.

त्याच भांड्यात दोन लहान चमचे तेल, मोहरी, कढीपत्ता, मिरचीचे तुकडे, सैल झाकण, दीड-दोन मिनिटं. तेल लहरी कमी शोषतं, म्हणून फोडणी गॅसपेक्षा सावकाश होते. मोहरी तडतडली नसेल तर अर्धा मिनिट आणखी. मग बारीक चिरलेला कांदा घालून एक मिनिट. आता रवा, मीठ, चवीपुरती साखर आणि पाऊण कप, म्हणजे 180 मिली, कढत पाणी. नीट ढवळून दीड मिनिट ठेवा.

बाहेर काढल्यावर कडेचा रवा फुगलेला आणि मधला पातळ दिसेल. चमच्याने कडेचा भाग मध्यात आणा आणि मधला कडेला न्या, गुठळ्या मोडा. नुसतं वरवर फिरवून हे साधत नाही. पुन्हा एक मिनिट. या वेळी उपमा थोडा सैलसर दिसला पाहिजे. तो पूर्ण झाला असं वाटेपर्यंत आत ठेवलात, तर ताटात येईस्तोवर घट्ट गोळा होईल.

आता झाकण ठेवून तीन मिनिटं हात लावू नका. आपल्याकडे भात उतरवल्यावर लगेच झाकण काढत नाहीत, वाफ मुरू देतात, तेच हे. लहरी थांबल्या तरी कडेची उष्णता मध्याकडे जात राहते, रवा उरलेलं पाणी पितो आणि वाफेने वरचा थर मऊ होतो. मायक्रोवेव्हच्या कृतीत ही मिनिटं शिजण्याच्या वेळेतच धरलेली असतात. ती वगळली, तर पदार्थ अर्धवट राहतो. बटाटा भाजायचा तर काट्याने टोचे मारून, दोन मिनिटांनी उलटून, काढल्यावर पाचेक मिनिटं झाकून ठेवावा, म्हणजे गाभा मऊ होतो.

मुरल्यावर भांडं फडक्याने उचलून तळाला मधोमध बोट जरा टेकवून पाहा. तिथे कोमट लागलं आणि कडा मात्र चटका देत असतील, तर गाभा अजून तापलेला नाही. पुन्हा ढवळून अर्धा मिनिट आणि मग एक मिनिट झाकून. शिळी आमटी किंवा उसळ गरम करताना ही परीक्षा जास्त महत्त्वाची, कारण तिथे प्रश्न चवीपुरता राहत नाही. शिळ्या अन्नाचा गाभा 74 अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा, म्हणजे मधूनही कढत वाफ निघायला हवी.

माझ्या त्या पहिल्या उपम्याला वेळ कमी पडला नव्हता. मी तो मध्ये एकदाही ढवळला नव्हता आणि घंटी वाजताच झाकण काढलं होतं.