शंभराला एक पॉइंट

साताऱ्यातलं एक किराणा दुकान धरू. महिन्याच्या यादीची गिऱ्हाइकं हळूहळू मॉलकडे वळू लागली, म्हणून मालकांनी पॉइंट योजना काढली आणि ती इन्स्टाग्रामच्या रीलवर जाहीर करायचं ठरवलं. पुतण्याने व्हिडिओ झकास काढला. खाली मजकूर लिहिला तो असा : ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांसाठी आनंदाची बातमी! आपल्या प्रेमाखातर घेऊन येत आहोत एक खास योजना...’

रीलखालच्या मजकुराची जेमतेम पहिली ओळ दिसते, बाकीची दाबल्याशिवाय उघडत नाही. त्या ओळीत इथे फक्त सन्मान आणि आनंद आहे. शंभर रुपये खर्च केल्यावर हातात काय पडणार, ते कुठेच नाही. दुकानाच्या उद्घाटनाची पत्रिका लिहायची सवय आपल्या हातात इतकी मुरली आहे की कॅप्शनही तशीच उतरते.

पण चांगली ओळ सुचायची तर आधी हिशेब पक्का हवा. सुट्या साखरेवर आणि तेलाच्या पिशवीवर किराणा दुकानदाराला फार थोडं सुटतं. मसाले, सुकामेवा, साबण यांत त्यामानाने बरं सुटतं. म्हणून तेल, साखर आणि सुटं धान्य योजनेतून वगळलं आणि उरलेल्या मालावर शंभर रुपयांना एक पॉइंट, एका पॉइंटचा एक रुपया, असं ठरलं. म्हणजे एक टक्का सूट, पण ती गिऱ्हाईक परत आल्यावरच मिळणारी.

आता एक घर घेऊ. महिन्याचा किराणा ४,५०० रुपये, त्यातले २,००० तेल, साखर आणि धान्याचे. उरलेल्या २,५०० वर २५ पॉइंट. मालकांच्या मनात होतं की ५०० पॉइंट साठले की वापरू द्यावेत. या घराला तेवढे साठवायला वीस महिने लागले असते आणि पॉइंटची मुदत होती एक वर्षाची! अशी योजना कॅप्शनमध्ये कितीही गोड लिहिली तरी पहिल्या वर्षअखेरीस काउंटरवर भांडण ठरलेलं. मर्यादा ५० वर आणली, तेव्हा दोन महिन्यांत पहिले पन्नास रुपये सुटू लागले.

दुसरी फट अधिक बारीक आहे. रोज साठ-सत्तर रुपयांचं सामान नेणाऱ्याचं बिल शंभरापर्यंत पोचतच नाही. बिलिंग सॉफ्टवेअर प्रत्येक बिलाचे पॉइंट वेगळे मोजत असेल, तर वर्षभर येऊनही त्याच्या खात्यावर शून्य. आणि हाच माणूस दुकानात सगळ्यात जास्त वेळा येतो. छोटी बिलं बेरजेत धरायची की नाही, हे रील टाकण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला विचारायला हवं. इथे ती सोय निघाली, म्हणून कॅप्शनमध्ये तसं लिहिता आलं :

‘₹१०० च्या किराण्यावर १ पॉइंट. १ पॉइंट = ₹१.
बिल करताना मोबाइल नंबर सांगा. कार्ड नाही, फी नाही.
छोटी बिलंही बेरजेत धरली जातात.
५० पॉइंट झाले की पुढच्या बिलात ₹५० कमी.
तेल, साखर, सुटं धान्य यांवर पॉइंट नाहीत. पॉइंट १ वर्ष चालतील.
१ ऑगस्टपासून सुरू.’

पाचवी ओळ गाळावी असं मालकांना वाटत होतं. तिच्याऐवजी शेवटी इंग्रजीत ‘टर्म्स अँड कंडिशन्स अप्लाय’ टाकायचा त्यांचा विचार होता. माझ्या मते हीच ओळ सगळ्यात कामाची. तेलाचा डबा नेल्यावर पॉइंट का नाहीत, हे गिऱ्हाइकाला घरी वाचूनच कळलेलं बरं, रांगेत उभं राहून नव्हे. शिवाय दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत अटींचा खुलासा हवा. मराठी दाव्याखाली इंग्रजी अट त्यात बसत नाही.

गुगल मॅपची लिंक कॅप्शनमध्ये चिकटवून काही साधत नाही. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही. दुकानाचं ठिकाण लोकेशनमध्ये टाकावं, लिंक प्रोफाइलवर ठेवावी.

पुतण्याने व्हिडिओवरच मोठ्या अक्षरांत ‘१०० ला १ पॉइंट’ असं लिहिलं होतं, ते मात्र काढायला लावलं. कॅप्शन नंतरही दुरुस्त करता येते, टाकलेल्या रीलमधला व्हिडिओ बदलता येत नाही. दिवाळीत दुप्पट पॉइंट द्यायचे झाले किंवा पुढे दर बदलला, तर जुना आकडा दाखवणारी रील फिरत राहील आणि कुणीतरी ती मोबाइलवर उघडून काउंटरवर धरेल. व्हिडिओत नंबर सांगणारं गिऱ्हाईक आणि पन्नासने कमी झालेलं बिल दिसलं, तरी भागतं.