यूट्यूबवरची पिन, लाल बदाम आणि व्हिडिओवाल्या ताईंचं उत्तर

तायांनो, मागच्या महिन्यात एका गटाने यूट्यूबवर बघून 10 किलो कैरीचं लोणचं घातलं. व्हिडिओत 1 किलो फोडींना 50 ग्रॅम मीठ सांगितलं होतं. पंधरा दिवसांत बरणीत बुरशी आली. मी तोच व्हिडिओ उघडला, तर खाली पहिल्याच कमेंटमध्ये लिहिलेलं होतं, "बोलताना चूक झाली, मीठ 150 ग्रॅम घ्या." आपल्या तायांनी कमेंट उघडल्याच नव्हत्या.

या कमेंटच्या वर पिनचं छोटं चित्र आणि Pinned by असं लिहिलेलं असतं. पिन म्हणजे चॅनलवाल्याने ती कमेंट मुद्दाम सगळ्यांत वर टोचून ठेवली आहे. एका व्हिडिओवर एकच कमेंट पिन होते. ती बहुतेकदा दुरुस्ती किंवा साहित्याची यादी असते, पण कधीकधी नुसती जाहिरातही असते. म्हणून सामान आणायच्या आधी ती वाचा आणि व्हिडिओशी ताडून बघा.

काही कमेंटखाली लाल बदाम दिसतो आणि त्याला चिकटून चॅनलवाल्याचा गोल फोटो असतो. म्हणजे त्यांनी ती कमेंट पाहिली आणि त्यांना आवडली, एवढंच. "मी गूळ घातला, छान झालं" या कमेंटला बदाम मिळाला, म्हणून गुळाचं प्रमाण तपासून दिलंय असं समजू नका. अंगठ्याशेजारचा आकडा वेगळा, तो बघणाऱ्यांच्या पसंतीचा.

आता उत्तर कसं शोधायचं? समजा कोणीतरी विचारलंय, "तेल गरम घालायचं की गार?" त्याखाली "4 replies" असं दिसेल. त्या आकड्याजवळ चॅनलचा छोटा फोटो असेल, तर त्यांनी तिथे उत्तर दिलंय. त्यावर बोट ठेवा, सगळी उत्तरं उघडतील. चॅनलवाल्याचं नाव रंगीत किंवा करड्या पट्टीत उठून दिसतं, बाकीच्यांचं साधं असतं. फक्त त्यांचीच उत्तरं दाखवणारं बटण नाही, त्यामुळे फोटो बघत खाली सरकावं लागतं. तुम्ही स्वतः प्रश्न विचारला असेल, तर उत्तर आल्याची सूचना घंटीच्या चिन्हात येते.

ही पट्टी बघायची सवय लावाच. काही ठग चॅनलचं नाव आणि फोटो उचलून उत्तर देतात, "ताई, मसाला होलसेलमध्ये देतो, व्हॉट्सॲप करा, 500 रुपये आगाऊ पाठवा." नावामागे पट्टी नसेल, तर नावावर बोट ठेवून त्याचं पान उघडा. तिथे तुम्ही पाहिलेला लोणच्याचा व्हिडिओच नसेल, तर तो चॅनलवाला नाही. पैसे पाठवू नका.

त्या गटाने आता नवीन फोडींना 150 ग्रॅमच्या हिशोबाने मीठ लावलंय. पुढच्या बैठकीला बरणी बघायला जाणार आहे.