ओठ बधिर, हिरडी मात्र जागी

दंतवैद्यकाच्या परीक्षेत विचारला जाणारा एक प्रश्न पाहू. समजा, मेहकरचा 50 किलो वजनाचा निरोगी शेतकरी खालची पहिली दाढ काढायला आला आहे. इंजेक्शननंतर त्या बाजूचा ओठ व जीभ बधिर झाली. पण गालाकडच्या हिरडीला हत्यार लागताच तो कळवळला. कोणता मज्जातंतू जागा राहिला?

खालच्या दाढांभोवतीचे हाड जाड असते. बाहेरून टोचलेले औषध त्यातून मुळांपर्यंत नीट झिरपत नाही. म्हणून दातांचा मज्जातंतू हाडात शिरण्यापूर्वीच, जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूस औषध सोडतात. हाच मज्जातंतू पुढे हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर पडून ओठाला पोचतो. त्यामुळे ओठ बधिर होणे ही खूण ठरते. ओठ जागाच असेल, तर सुई बहुधा खाली लागलेली असते. जिभेचा मज्जातंतू शेजारीच असल्याने तोही बधिर होतो.

गालाकडच्या हिरडीचा बक्कल मज्जातंतू मात्र वरच वेगळा होतो. तोच आपले उत्तर. शेवटच्या दाढेमागे, गालाच्या बाजूस थोडे औषध दिले की काम होते.

औषध कोणते? 2 टक्के लिग्नोकेन, ॲड्रेनॅलिनसह. ॲड्रेनॅलिन रक्तवाहिन्या आकुंचित करते, म्हणून औषध लवकर वाहून जात नाही. नुसत्या लिग्नोकेनने दाताची बधिरता काही मिनिटांतच ओसरते. ॲड्रेनॅलिनसह ती सुमारे तासभर टिकते.

2 टक्के म्हणजे दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. 2 मिलिलिटरमध्ये 40. किलोमागे 7 मिलिग्रॅम या मर्यादेने या शेतकऱ्याला 350 चालतात. म्हणजे हिरडीसाठी पुन्हा टोचायला भरपूर वाव आहे.