पेन्सिल सेल चार्ज का धरत नाही?

पुन्हा चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलबद्दल ‘चार्ज धरत नाही’ ही एकच तक्रार ऐकू येते, पण तिच्यामागचे बिघाड वेगवेगळे असतात. एक सेल भरला जातो, पण नुसता पडून राहिला तरी उतरतो. दुसऱ्यात चार्ज असतो, पण कॅमेऱ्याला लागेल त्या वेगाने तो देता येत नाही. तिसरा सेल मुळात भरलेलाच नसतो, कारण चार्जरने काम अर्ध्यावर थांबवलेले असते. यांतला कोणता दोष आहे हे ठरवल्याशिवाय नवे सेल किंवा नवा चार्जर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

बाजारात मिळणारे असे सेल बहुतेक निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे असतात. त्यांच्यावर १.२ व्होल्ट आणि २००० ते २७०० मिलीअँपिअर-तास असे आकडे छापलेले असतात. सेल कशातही न घालता ठेवला तरी आतली रासायनिक क्रिया पूर्ण थांबत नाही. धन बाजूचे भरलेले निकेल संयुग हळूहळू ऑक्सिजन सोडत आपोआप मूळ स्थितीकडे जाते. ऋण बाजूच्या मिश्रधातूत साठलेला हायड्रोजनही थोडा थोडा निसटून धन बाजूपर्यंत पोहोचतो आणि तिथला चार्ज संपवतो. दोन्ही बाजूंमध्ये वेगळेपण राखणारा पातळ पडदा जुन्या सेलांत नायलॉनसारख्या पदार्थाचा असे. तो विघटित झाला की त्यातून नायट्रोजनची संयुगे सुटतात आणि ती दोन टोकांमध्ये फेऱ्या मारत चार्ज वाहून नेतात. या सगळ्याला स्वविसर्जन म्हणतात. उष्णतेने त्याचा वेग झपाट्याने वाढतो. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, असे ढोबळमानाने धरतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेले सेल लवकर उतरलेले मिळतात ते यामुळेच.

रिमोटमध्ये हा दोष फार ठळकपणे दिसतो. समजा, दिवसभरात २०० वेळा बटण दाबले गेले, दर वेळी दशांश सेकंद वीज लागली आणि ती सुमारे २० मिलीअँपिअर असली, तर रिमोटचा दिवसाचा खर्च फक्त ०.११ मिलीअँपिअर-तास होतो. याउलट २५०० मिलीअँपिअर-तासांचा जुन्या पद्धतीचा सेल रोज एक टक्का जरी गमावत असला, तरी दिवसाला २५ मिलीअँपिअर-तास निघून जातात. म्हणजे रिमोट जेवढे वापरतो त्याच्या दोनशेपटीहून जास्त सेल स्वतःच संपवतो. मोठा आकडा छापलेला सेल जास्त दिवस टिकेल, ही समजूत इथे उलटी पडते. नोव्हेंबर २००५ मध्ये सॅन्योने जपानमध्ये ‘एनलूप’ हा कमी स्वविसर्जनाचा सेल आणला. वर्षभर पडून राहिल्यावरही त्यात सुमारे ८५ टक्के चार्ज राहील, असा कंपनीचा दावा होता. सुधारलेला पडदा आणि मिश्रधातू हे त्यामागचे कारण. या प्रकारच्या सेलवर २००० च्या आसपासचा आकडा असतो आणि बऱ्याचदा ‘आधीच चार्ज केलेला’ असेही लिहिलेले असते. रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, आणीबाणीची टॉर्च यांसाठी हेच घ्यावेत.

कॅमेऱ्याची तक्रार वेगळी असते. फ्लॅश भरताना किंवा लेन्स बाहेर येताना कॅमेरा एखाद-दोन अँपिअर खेचतो. वापराने आणि वारंवार जास्त चार्जिंग झाल्याने सेलमधला द्रव आटतो, मिश्रधातू गंजतो आणि आतला विद्युतरोध वाढतो. हा रोध घरी मोजता येतो. पूर्ण भरून काही तास ठेवलेला सेल मल्टिमीटरवर १.३५ व्होल्ट दाखवत आहे, असे धरू. त्याच्या दोन टोकांना १ ओहमचा, ५ वॅटचा रोधक दोन-तीन सेकंदच जोडायचा आणि त्याच वेळी व्होल्टेज वाचायचे. चांगला सेल १.२५ च्या खाली सहसा जात नाही. आकडा ०.९ वर आला, तर प्रवाह ०.९ अँपिअर आणि सेलच्या आत गळालेले व्होल्टेज ०.४५. म्हणजेच आतला रोध अर्धा ओहम. दोन अँपिअर मागणाऱ्या कॅमेऱ्यात अशा सेलचे पूर्ण एक व्होल्ट आतच जिरेल. कॅमेरा ‘बॅटरी संपली’ म्हणत बंद पडतो, आणि तोच सेल रिमोटमध्ये आठवडाभर चालतो, कारण तिथे प्रवाहच नगण्य असतो. कॅमेऱ्याच्या मेनूत बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असेल तर तीही तपासावी. साध्या अल्कलाइन सेलचा प्रकार निवडलेला असेल, तर १.२ व्होल्टचा भरलेला सेलही कॅमेऱ्याला संपत आल्यासारखा वाटतो.

स्मार्ट चार्जरची बरीचशी चुकीची उत्तरे या दोन दोषांतूनच येतात. सेल ठेवताच चार्जर त्याचे व्होल्टेज पाहतो. स्वविसर्जनाने किंवा विसरलेल्या टॉर्चमध्ये राहून सेल जवळजवळ शून्यावर गेला असेल, तर चार्जरला तिथे सेल असल्याचेच कळत नाही किंवा तो लाल दिवा लुकलुकवतो. दुसऱ्या टोकाला वरचा अर्धा ओहमवाला सेल असतो. एक अँपिअरने चार्ज करताना त्याच्या नेहमीच्या १.४५ व्होल्टमध्ये रोधाचे अर्धे व्होल्ट मिळून १.९५ होतात. इतके व्होल्टेज दिसले की अनेक चार्जर हा सेल खराब आहे किंवा चार्ज न होणाऱ्या प्रकारचा आहे असे ठरवून त्याला नाकारतात. तेव्हा चार्जरची चूक नसते. हाच सेल कमी प्रवाहाच्या सेटिंगवर भरला जातोही, पण कॅमेऱ्यासाठी निरुपयोगीच राहतो.

खरी फसगत होते ती ‘पूर्ण’ दिव्याने. निकेलचा सेल भरला की त्याचे व्होल्टेज शिखर गाठून पाच-दहा मिलीव्होल्टने उतरते, आणि ही बारीक घसरण पाहून चार्जर थांबतो. महिनोन्महिने पडून असलेल्या सेलमध्ये असा उंचवटा सुरुवातीलाच येऊ शकतो, आणि मग पंधरा मिनिटांत हिरवा दिवा लागतो. २००० मिलीअँपिअर-तासांचा रिकामा सेल ५०० मिलीअँपिअरने भरायला चार तासांहून जास्त लागतात, हा हिशेब डोक्यात असला की हिरव्या दिव्याचा खोटेपणा लगेच कळतो. सेल काढून पुन्हा ठेवावा, आणि चार्जरवर ‘रिफ्रेश’ असेल तर एक-दोन फेऱ्या कराव्यात. उलट प्रवाह फार कमी असेल, तर घसरण इतकी पुसट होते की ती चार्जरला दिसतच नाही आणि भरलेला सेल तापत राहतो. जे चार्जर दोन सेल जोडीनेच घेतात, त्यांत एक उतरलेला आणि एक अर्धा भरलेला सेल ठेवला, तर एक जादा भरतो आणि एक उपाशी राहतो. प्रत्येक खाना स्वतंत्र असलेला चार्जर यासाठीच घ्यावा.

शून्यावर गेलेल्या सेलला साध्या, मंद चार्जरवर क्षमतेच्या दहाव्या भागाच्या प्रवाहाने, म्हणजे २००० च्या सेलला २०० मिलीअँपिअरने, चौदा ते सोळा तास ठेवून पाहता येते. तो गरम झाला किंवा त्यातून पांढरट क्षार बाहेर आला तर प्रयत्न तिथेच थांबवावा. भरल्यावर दोन-तीन दिवस बाजूला ठेवून व्होल्टेज मोजावे. ते १.२ च्या खाली आले, तर पडद्यातून सूक्ष्म शॉर्ट झाल्याची शक्यता मोठी असते, आणि ते कोणत्याही फेरीने दुरुस्त होत नाही. असा सेल चांगल्याबरोबर जोडीने वापरू नये. तो आधी रिकामा होतो, मग जोडीदाराचा प्रवाह त्याच्यातून ढकलला जात राहून तो उलटा चार्ज होतो आणि कायमचा जातो. रिफ्रेशच्या दोन फेऱ्यांनंतरही अर्धा ओहम दाखवणारा किंवा तीन दिवसांत उतरणारा सेल ई-कचरा संकलनात द्यावा, घरच्या कचऱ्यात टाकू नये.