कोथिंबीर-पुदिना: चिकूपासून चार हात लांब

कासा परिसरातल्या घरांत हंगामात पिकलेले चिकू आणि कोथिंबिरीची जुडी बऱ्याचदा फ्रिजच्या एकाच कप्प्यात येतात आणि तिथेच घात होतो. पिकणारा चिकू इथिलीन वायू भरपूर सोडतो, त्याने कोथिंबिरीची पानं लवकर पिवळी पडतात. टोमॅटो आणि केळीही याच पंगतीतली, म्हणून फळं वेगळ्या कप्प्यात ठेवा.

जुडी आणल्यावर धुऊ नका. दोरा सोडा, पिवळी आणि चिरडलेली पानं काढून टाका. ओली असेल तर फडक्यावर पसरून पानं कोरडी होऊ द्या. आपल्याकडच्या दमट हवेत पंख्याखाली तासभर लागतो. मग मुळांसकट, दोन बोटं पाणी घातलेल्या ग्लासात उभी करा. वरून पिशवी सैल पांघरून ग्लास फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी एक दिवसाआड बदला. कोथिंबीर आठवडाभर सहज टिकते, बरेचदा जास्तही.

पुदिन्याची पानं नाजूक. देठ किंचित छाटून तोही असाच ठेवावा, किंवा घट्ट पिळलेल्या ओलसर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फ्रिजच्या मागच्या भिंतीला डबा टेकवू नका. तिथे पानं गोठून काळी पडतात.

पानं नुसती मलूल झाली असतील तर देठ कापून अर्धा तास गार पाण्यात ठेवा, बहुधा तरतरीत होतात. बुळबुळीत आणि काळी झाली असतील तर मात्र टाकून द्या.