पिशवीतला गारवा येतो कुठून?

कबड्डीच्या मैदानावर खेळाडूचा घोटा मुरगळतो तेव्हा हाताशी बर्फ असतोच असे नाही. मग प्रथमोपचाराच्या पेटीतून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी निघते. ती मुठीत घट्ट दाबली की आतली पाण्याची पातळ पिशवी फुटते. दोन-चारदा नीट हलवली की मिनिटाभराच्या आत ती हाताला झोंबेल इतकी गार होते. आत असते ते एवढेच: थोडे पाणी आणि अमोनियम नायट्रेटचे पांढरे दाणे. दाबण्यापूर्वी दोन्ही हवेइतकेच कोमट असतात.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला सोपा आहे: पाण्यातली उष्णता गेली कुठे? दुसरा खोल आहे. विरघळण्यासाठी उष्णता खर्च करावी लागत असेल, तर कोणी तापवत नसताना, कोणी भाग पाडत नसताना ते दाणे विरघळतात तरी का?

अमोनियम नायट्रेटच्या दाण्यात धन भाराचे अमोनियम आयन आणि ऋण भाराचे नायट्रेट आयन एकाआड एक रचलेले असतात आणि विरुद्ध भारांच्या ओढीने एकमेकांना धरून असतात. ८० ग्रॅम क्षार, म्हणजे एक मोल, घेतला आणि त्यातला प्रत्येक आयन पूर्ण सुटा करायचा म्हटले तर सहाशेहून जास्त किलोजूल ऊर्जा लागते. एका किलोजूलमध्ये साधारण पेलाभर पाणी एका अंशाने तापते, यावरून हा आकडा केवढा मोठा आहे हे कळेल. पाण्याला ती सगळी स्वतःच्या खिशातून द्यावी लागत नाही. सुट्या होणाऱ्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, त्याला चिकटतात, आणि या चिकटण्यातून ऊर्जा परत मिळते. जवळजवळ सगळीच खर्ची पडलेली ऊर्जा अशी भरून निघते. जवळजवळ, पण पूर्ण नव्हे. मोलामागे २५.७ किलोजूलची तूट उरते.

स्थिर दाबाखाली एखाद्या बदलात जी उष्णता शोषली किंवा सोडली जाते, ती त्या पदार्थांच्या एन्थाल्पीतला फरक असतो. अमोनियम नायट्रेट विरघळताना एन्थाल्पी २५.७ किलोजूलने वाढते. ही वाढ भागवायला त्या क्षणी जवळ असते ते फक्त रेणूंचे स्वतःचे हलणे-थरथरणे. तेच कमी होते, आणि रेणूंची हालचाल मंदावणे म्हणजेच तापमान उतरणे. दाण्यांत कुठे थंडी साठवलेली नसते. पाण्यातली ऊर्जा आयनांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात गुंतून पडलेली असते.

हिशेब करून पाहता येतो. समजा पिशवीत ८० ग्रॅम क्षार आणि २०० मिलिलिटर पाणी आहे. या २८० ग्रॅम द्रावणाला एका अंशाने थंड करायला सुमारे एक किलोजूल काढून घ्यावा लागतो. म्हणजे २५.७ किलोजूलमध्ये तापमान २५ अंशांच्या आसपास उतरायला हवे. प्रत्यक्षात द्रावण गाढ असले की मोलामागे शोषली जाणारी उष्णता थोडी कमी भरते, शिवाय पिशवी हातातून आणि हवेतून उष्णता ओढत असतेच. तरीही ३० अंशांवरचे पाणी दहा अंशांच्या घरात सहज येते.

आता दुसरा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचे मार्सेलँ बर्थलो आणि डेन्मार्कचे युलियस थॉमसन या दोघा मातब्बर रसायनशास्त्रज्ञांचे मत असे होते, की आपोआप घडणारे रासायनिक बदल उष्णता बाहेर टाकण्याच्या दिशेने जातात. पाणी उताराकडे वाहते तसेच हे, आणि बहुतेक उदाहरणांत ते खरेही ठरे. पण पाण्यात टाकताच गार होणारे क्षार त्या काळीही सर्वांच्या ओळखीचे होते. ते कोणी न ढकलता चढाकडे निघालेले दिसत. असे नियमाविरुद्ध वागणारे उदाहरण अपवाद म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. खरे तर नियमच अपुरा होता.

अपुरी बाजू भरून काढणाऱ्या राशीला जर्मनीच्या रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिले. तिला सरसकट ‘अव्यवस्था’ म्हटले जाते, पण त्या शब्दाने अर्थ धूसर होतो. एकच स्थिती किती वेगवेगळ्या तऱ्हांनी साकारता येते, याचे ते मोजमाप आहे. कॅरमच्या सोंगट्या मध्यभागी गोल रचून ठेवण्याच्या तऱ्हा मोजक्याच. स्ट्रायकरचा फटका बसल्यावर त्या बोर्डभर जिथे जिथे असू शकतात, त्या तऱ्हा मोजता येणार नाहीत इतक्या. सोंगट्यांना पांगण्याची हौस नसते. पांगलेल्या रचनाच इतक्या जास्त असतात, की हलत्या-धडकत्या सोंगट्या पुन्हा गोलात सापडण्याची शक्यता उरत नाही. दाण्यात जागच्या जागी बांधलेल्या आयनांना पिशवीभर पाणी मोकळे मिळाले की त्यांचेही तसेच होते.

या पांगण्यालाही आकडा आहे. २५ अंश सेल्सिअसला, म्हणजे २९८ केल्विनला, एक मोल अमोनियम नायट्रेट विरघळताना एन्ट्रॉपी सुमारे १०९ जूल प्रति केल्विनने वाढते. दुसऱ्या पारड्यात काय पडते? विरघळताना पिशवीने भोवतालातून, शेवटी त्या घोट्यातूनच, २५,७०० जूल उष्णता ओढून घेतली. भोवतालातून उष्णता गेली की तिथली एन्ट्रॉपी घटते, आणि किती घटते ते उष्णतेला तापमानाने भागून मिळते: २५,७०० भागिले २९८, म्हणजे सुमारे ८६. पिशवीत १०९ ची भर, बाहेर ८६ ची घट. एकूण जमा २३ च्या आसपास. जगातली एकूण एन्ट्रॉपी वाढली, म्हणून दाणे विरघळले. उष्णतेचा चढ होता खरा, पण पांगण्याचा लाभ त्याहून मोठा निघाला.

अमेरिकेच्या जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात हे दोन्ही हिशेब एका राशीत बसवले. एन्थाल्पीतल्या वाढीतून तापमान गुणिले एन्ट्रॉपीतली वाढ वजा करायची. उत्तर ऋण आले तर बदल आपोआप घडू शकतो. इथे उत्तर उणे ७ किलोजूलच्या आसपास येते. बर्थलोंचा नियम बहुतेक वेळा खरा ठरत होता, कारण बहुतेक वेळा एन्थाल्पीचा आकडा इतका मोठा असतो की एन्ट्रॉपीचा आकडा त्याच्यापुढे झाकला जातो. थंडाव्याच्या पिशवीत दोन्ही तुल्यबळ असतात, म्हणून दुसरा उघडा पडतो.

मात्र विरघळणे म्हणजे एन्ट्रॉपी वाढणे, असे समीकरण मांडणे चूक ठरेल. कॅल्शियम क्लोराइडचे दाणे पाण्यात टाकले तर पाणी चटकन तापते. काही गरम पिशव्या याच क्षारावर चालतात. तिथे मोलामागे सुमारे ८१ किलोजूल बाहेर पडतात आणि विरघळणाऱ्या पदार्थांची एन्ट्रॉपी चक्क घटते. कारण कॅल्शियमचा आयन लहान आणि दुहेरी भाराचा असतो. तो भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना करकचून धरतो आणि त्यांची मोकळीक काढून घेतो. आयन पांगले तरी पाणी बांधले गेले. अमोनियम आणि नायट्रेट हे दोघे मात्र मोठे, एकेरी भाराचे, आणि तो भारही अंगभर पसरलेला. पाण्यावरची त्यांची पकड सैल असते. म्हणून पाण्याला चिकटण्यातून ऊर्जा थोडी कमी मिळते आणि तूट राहते, आणि त्याच सैल पकडीमुळे पाणी फारसे बांधले न जाता एन्ट्रॉपी भरपूर वाढते. गारवा आणि विरघळणे, दोन्हींचे मूळ या एकाच गोष्टीत आहे.

क्षार विरघळवून पाणी गार करण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. अबुल फझलच्या ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या आबदारखान्याची रीत नोंदलेली आहे. पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि शेरभर पिण्याचे पाणी भरलेली, तोंड बंद केलेली धातूची सुरई त्यात बराच वेळ फिरवत राहायची. पुढे दरबार पंजाबात हलल्यावर डोंगरातून बर्फ येऊ लागले. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. मोलामागे तो अमोनियम नायट्रेटपेक्षाही जास्त उष्णता शोषतो, सुमारे ३५ किलोजूल. पण त्याची अडचण अशी, की १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना तो ३२ ग्रॅमच्या आसपासच विरघळतो आणि शून्य अंशाला जेमतेम १३ ग्रॅम. गिब्जच्या हिशेबात एन्ट्रॉपीला तापमानाने गुणलेले असते, म्हणून पाणी गार होत जाते तसा पांगण्याचा लाभ घटतो आणि सोरा स्वतःच स्वतःला थांबवतो. अमोनियम नायट्रेट शून्य अंशालाही तेवढ्याच पाण्यात ११८ ग्रॅम विरघळते.

कल्हईवाल्याकडचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, याच घराण्यातला. मोलामागे तो १५ किलोजूलच्या आसपास शोषतो. १०० ग्रॅम पाण्यात ३० ग्रॅम भराभर ढवळला तर तापमान सुमारे १८ अंशांनी उतरते. हा प्रयोग शाळेत साध्या तापमापकावर सहज दाखवता येतो. फक्त ते पाणी पिऊ नये, आणि नवसागर तापवू नये, कारण त्याचा धूर घशाला झोंबतो.

बर्फाशी तुलना केली तर एक मजेदार योगायोग दिसतो. ८० ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे २६.७ किलोजूल घेतो, म्हणजे जवळपास तेवढ्याच वजनाच्या अमोनियम नायट्रेटइतके. पण बर्फ हे काम वितळेपर्यंत शून्य अंशाला टिकून सावकाश करतो. पिशवीतला सगळा खर्च पहिल्या मिनिटातच होऊन जातो आणि पुढे ती नुसती गार पाण्याची पिशवी उरते. म्हणून पंधरा-वीस मिनिटांत तिचा जोर ओसरतो, आणि बर्फ मिळण्यासारखा असेल तर तोच वापरावा. दोन्ही वेळी त्वचेवर मधे फडके हवे.

पिशवी बिघडते ती बहुधा ओलाव्याने. अमोनियम नायट्रेट हवेतले पाणी शोषते, आणि ३२ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचनाच बदलते. त्यामुळे उन्हाळ्यात वर-खाली होणाऱ्या तापमानात दाण्यांचे ढेकूळ बनते. बाहेरून चाचपल्यावर दाणे सुटे सरकत असतील तर पिशवी ठीक. घट्ट गोळा लागला तर ती हळूहळू आणि अर्धवटच गार होईल. आत आधीच द्रव डुचमळत असेल आणि दाणे लागतच नसतील, तर आतली पिशवी फुटून गारवा केव्हाच निघून गेलेला असतो. वापरलेली पिशवी वाळवून क्षार परत मिळवण्याचा खटाटोप घरी करू नये. अमोनियम नायट्रेट तापवणे धोक्याचे आहे. बैरूत बंदरात २०२० मध्ये याच रसायनाच्या सुमारे २,७५० टन साठ्याचा स्फोट झाला. भारतातही त्याच्या साठवणुकीवर २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत. म्हणूनच अनेक पिशव्यांत आता युरिया असतो. ग्रॅममागे तो सुमारे २५० जूल शोषतो, तर अमोनियम नायट्रेट ३२०. तेवढ्याच गारव्यासाठी दाणे थोडे जास्त भरावे लागतात, एवढाच फरक.